सहा कॅरेक्टर आणि छप्पन्न माणसांचा आठवडी बाजार: लहान स्टुडिओसाठी गर्दीचा शॉट

पटकथेत एक ओळ असते: "बाजार फुललेला आहे." लिहायला तीन शब्द लागतात, पण टूडी स्टुडिओत चार-पाच माणसं असतील तर याच ओळीवर एपिसोडचं गणित कोलमडतं. गर्दी फ्रेम-बाय-फ्रेम काढणं शक्य नसतं आणि थांबलेली गर्दी चित्रासारखी दिसते. मधला मार्ग म्हणजे मोजक्या बॉडी, लहान लूप आणि त्यांची नीट वाटणी. तत्त्व सगळ्यांना माहीत असतं, शॉट बिघडतो तो वाटणीत. म्हणून इथे एकच शॉट घेऊन तो शेवटपर्यंत लावला आहे.

शॉट असा: तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार, कॅमेरा माणसांच्या डोक्यांच्या थोडा वर, 8 सेकंद, 24 फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे 192 फ्रेम. आकार 1920 बाय 1080. ड्रॉइंग टूजवर, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं. पडद्यावर 56 माणसं दिसायला हवीत: पुढे 6, मधल्या पट्ट्यात 24, मागे 26. प्रत्येकाला स्वतंत्र ॲनिमेट करायचं म्हटलं तर 56 गुणिले 96, म्हणजे 5,376 ड्रॉइंग होतात. खाली जी पद्धत आहे तिच्यात तीच गर्दी 290 ड्रॉइंगमध्ये उभी राहते.

## आधी ठरवायचं: कोण लूपमध्ये जाणार नाही

कामाची सुरुवात गर्दीपासून करू नका. प्रेक्षकाची नजर शॉटमध्ये कुठे असणार, ते आधी ठरवा. आपल्या शॉटमध्ये एक बाई पाटी घेऊन डावीकडून येते आणि एक मुलगा तिच्यापुढून पळत जातो. ही दोघं पूर्ण ॲनिमेट होणार. मधे मधे पोझ धरून ठेवल्या तर प्रत्येकी साधारण 60 ड्रॉइंगमध्ये भागतं. बाकी 54 माणसांचं काम एवढंच की त्या दोघांच्या आजूबाजूला बाजार चालू आहे असं वाटावं, आणि त्यांच्यापैकी कुणाकडेही मुद्दाम लक्ष जाऊ नये.

यातून एक नियम निघतो. मुख्य पात्राला स्पर्श करणारा, त्याच्याशी नजर भिडवणारा किंवा त्याला वाट करून देणारा माणूस लूपमधला नसावा. लूपमधला माणूस समोर काय घडतंय याची दखल घेऊ शकत नाही, आणि मुख्य पात्राच्या शेजारी असला की ते लगेच दिसतं. त्यामुळे पुढच्या 6 पैकी 2 पूर्ण ॲनिमेटेड आणि उरलेले 4 फ्रेमच्या कडेने कापलेले, पाठमोरे, थोडे गडद ठेवा. त्यांना मधल्या पट्ट्याचेच उभे लूप पुरतात.

## सहा बॉडी आणि त्यांचे लूप

मॉडेल शीटवर सहा बॉडी एकाच प्रमाणात काढायच्या: धोतर-सदऱ्यातले आजोबा, साडीतली बाई, शर्ट-पँटमधला माणूस, पंजाबी ड्रेसमधली मुलगी, शाळकरी मुलगा आणि खाली बसलेला विक्रेता. प्रमाण असं धरा की 1.6 मीटरचं मोठं माणूस 640 पिक्सेल उंच असेल. म्हणजे 1.1 मीटरचा मुलगा 440 पिक्सेलचा होईल. हे प्रमाण पुढे फार उपयोगाला येतं, कारण मग सगळ्या बॉडींना एकच स्केलचं सूत्र लागू पडतं.

चालण्याचे लूप चार: बाई आणि माणूस प्रत्येकी 12 ड्रॉइंग, आजोबा 14, मुलगा 10. एकूण 48. टूजवर हे अनुक्रमे 24, 28 आणि 20 फ्रेमचे होतात. आजोबांसाठी 12 ड्रॉइंगचाच लूप घेऊन मधली दोन चित्रं जास्त वेळ धरायचा मोह होतो, पण तसं केलं की चाल अडखळते. दोन चित्रं जास्त काढणंच स्वस्त पडतं.

उभं राहून बोलण्याचे किंवा भाव करण्याचे लूप तीन (बाई, माणूस, मुलगी), प्रत्येकी 16 ड्रॉइंग, 32 फ्रेम. विक्रेत्याचा बसलेला लूप 20 ड्रॉइंगचा, 40 फ्रेम. शिवाय त्याच्या दोन खास हालचाली, प्रत्येकी 12 ड्रॉइंग: एक तराजू उचलण्याची, दुसरी भाजीवर पाणी शिंपडण्याची. मधल्या पट्ट्याची बेरीज झाली 140. विक्रेत्याची कमरेखालची बाजू भाजीच्या ढिगामागे जाते, त्यामुळे धडं दोन ठेवा, सदऱ्याचं आणि पदराचं. हात तेच वापरता येतात.

मागच्या पट्ट्यासाठी वेगळा, साधा संच लागतो. 640 पिक्सेलचं चित्र 64 पिक्सेलला आणलं की बाहेरची रेघ एका पिक्सेलहून बारीक होते आणि हालचालीत लुकलुकते. म्हणून मागची माणसं रेघेशिवाय, नुसत्या रंगाच्या आकारांनी, 160 पिक्सेल उंचीवर काढा. चेहऱ्यावर डोळे नकोत. त्यांना चालण्याची 12, उभं राहण्याची 8 आणि बसण्याची 10 अशी 30 ड्रॉइंग पुरतात. उभ्या आणि बसलेल्या लूपमध्ये प्रत्येक चित्र चार फ्रेम धरलं तरी चालतं, एवढ्या दुरून ते कळत नाही. 140, 30 आणि मुख्य दोघांची 120, असे 290 झाले.

लूप काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शेवटचं चित्र पहिल्यासारखंच काढणं. 12 ड्रॉइंगच्या लूपमध्ये तेरावं चित्र म्हणजेच पहिलं. बारावंही तसंच असेल तर दर सेकंदाला एक बारीकसा खोळंबा दिसतो. दुसरी चूक पदर, पिशवी, वेणी यांच्या झोक्यांत होते. त्यांचा झोका लूपच्या आत पुरा झालाच पाहिजे. नाहीतर पाय बरोबर जुळतात आणि पदर मात्र सांध्यावर उडी मारतो.

## एकाची दहा माणसं करताना

नुसता कपड्यांचा रंग बदलला की वेगळा माणूस होतो, हा गैरसमज आहे. डोळा आधी बाह्याकृती ओळखतो. दोन जुळी माणसं लाल आणि निळ्या शर्टात शेजारी ठेवली तरी जुळीच दिसतात. त्याच बॉडीवर एकाला गांधी टोपी आणि खांद्यावर उपरणं दिलं, दुसऱ्याला फेटा आणि हातात पिशवी दिली, की ती वेगळी होतात. म्हणून डोकं, डोक्यावरच्या वस्तू आणि हातातल्या वस्तू वेगळ्या लेयरवर ठेवा. बाजारासाठी टोपी, फेटा, डोक्यावरून घेतलेला पदर, डोक्यावरची पाटी, कापडी पिशवी, काखेतली छत्री आणि कडेवरचं मूल एवढं पुरतं. कडेवरचं मूल काढायला थोडं जड आहे, पण बाह्याकृती सगळ्यात जास्त तेच बदलतं. पाटी असलेल्या बाईचा एक हात वर असतो, तेवढा हात वेगळा काढावा लागेल.

रंगाचे तीन संच करा आणि तिन्ही मुख्य पात्रांपेक्षा फिके ठेवा. बाजारात लाल, पिवळा, गुलाबी सगळं असतं हे खरं, पण मुख्य बाईची साडी पिवळी असेल तर मधल्या पट्ट्यात तसा पिवळा कुणालाच देऊ नका. भाजीच्या ढिगांना मात्र भडक रंग द्यायला हरकत नाही. ते हलत नाहीत, त्यामुळे नजर ओढत नाहीत, आणि बाजार भरल्यासारखा दिसतो.

आता आरशासारखं उलटवण्याबद्दल. उजवीकडे चालणारा माणूस उलटवला की डावीकडे चालणारा फुकट मिळतो. पण साडीतली बाई उलटवली की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि आपल्याकडचा प्रेक्षक, विशेषतः बायका, ते चटकन पकडतात. शर्टाचा खिसा उलट्या बाजूला जातो, पिशवीवरची अक्षरं उलटी होतात. पैसे देणारा किंवा खाणारा हात डावा होतो, ते तर सगळ्यात आधी खटकतं. उपाय असा की धड दोन काढायची. एक पदराच्या बाजूने दिसणारं, दुसरं पलीकडच्या बाजूने दिसणारं. पाय आणि साडीच्या निऱ्या उलटवलेल्याच वापरा, फक्त धड बदला. देण्याघेण्याच्या हालचाली मात्र उलटवायच्या यादीतून काढूनच टाका.

सावलीचंही तसंच आहे. अंगावरची छाया लूपमध्येच रंगवली असेल तर उलटवल्यावर ऊन दुसऱ्या बाजूने येतं. छाया लूपच्या बाहेर ठेवा. पायाखाली गडद लंबगोल आणि पूर्ण पट्ट्यावर एक हलका रंग, एवढ्यावर भागतं.

## उंची आणि क्षितिज

गर्दी खोटी दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे माणसं अंदाजाने लहान-मोठी केलेली असतात. सपाट जमिनीवर याचं साधं सूत्र आहे. पावलं क्षितिजाच्या जितके पिक्सेल खाली, त्याला माणसाच्या उंचीने गुणायचं आणि कॅमेऱ्याच्या उंचीने भागायचं. आपल्या शॉटमध्ये क्षितिज वरून 300 पिक्सेलवर आहे आणि कॅमेरा 3 मीटर उंचीवर धरला आहे. पावलं 900 वर असतील तर 600 गुणिले 1.6 भागिले 3, म्हणजे 320 पिक्सेल. पावलं 420 वर असतील तर 64 पिक्सेल.

हे आफ्टर इफेक्ट्समध्ये एकदाच लिहून ठेवता येतं. प्रत्येक लेयरचा अँकर पॉइंट पावलांच्या मधोमध, जमिनीच्या रेषेवर आणा. चालताना शरीर वरखाली होतं, पण अँकर त्याच्याबरोबर हलवायचा नाही. मग `Slider Control` जोडून त्याचं नाव `Dir` ठेवा. उजवीकडे तोंड असेल तर 1, डावीकडे असेल तर -1. स्केलवर हे एक्सप्रेशन:

```
h = (transform.position[1] - 300) * 1.6 / 3;
p = h / 640 * 100;
[p * effect("Dir")("Slider"), p]
```

आता माणूस वरखाली सरकवला की आपोआप लहान-मोठा होतो. मुलगा त्याच प्रमाणात काढलेला असल्यामुळे त्यालाही हेच चालतं. मागच्या साध्या संचाला 640 च्या जागी 160 लिहा.

एक सावधगिरी आहे. कॅमेरा सरकवण्यासाठी सगळे लेयर एका नलला जोडले जातात. नल तयार होतो तो कॉम्पच्या मध्यावर. त्याला तसंच जोडलं की लेयरची पोझिशन नलपासून मोजली जाते, वरच्या सूत्रातला 300 चुकीचा ठरतो आणि सगळी गर्दी एका क्षणात भलत्याच आकाराची होते. म्हणून आधी नलचा अँकर पॉइंट आणि पोझिशन दोन्ही 0, 0 करा, मग जोडा.

## लूप लावणं आणि पुढे-मागे करणं

12 चित्रांचा लूप पीएनजी सिक्वेन्स म्हणून आणला असेल तर आधी `Interpret Footage` मध्ये त्याचा वेग 12 करा. आफ्टर इफेक्ट्स आपणहून 30 धरतं, आणि मग माणसं पळतच सुटतात. मागच्या संचातल्या चार फ्रेम धरायच्या लूपना तिथेच 6 द्या. कॉम्प 24 चा असायला हवा. टीव्हीसाठी 25 चं काम असेल तर हे सगळे आकडे पहिल्या दिवशीच बदलून घ्या, मधे नाही.

लेयरवर `Enable Time Remapping` करा, लेयरची शेपूट शॉटच्या शेवटापर्यंत ओढा, आणि `Offset` नावाचा आणखी एक स्लायडर द्या. `loopOut("cycle")` हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात शेवटची कीफ्रेम लूपच्या एक फ्रेम पलीकडे पडते. सांध्यावर एक फ्रेम चुकीची येते आणि लेयर प्रीकॉम्प असेल तर माणूस चक्क क्षणभर गायब होतो. त्याऐवजी फ्रेम मोजून लूप करणं बरं:

```
f = thisComp.frameDuration;
n = Math.round(thisLayer.source.duration / f);
k = Math.round(time / f) + effect("Offset")("Slider");
framesToTime(k % n)
```

`Offset` च्या जागी लेयरचा क्रमांक किंवा रँडम आकडा टाकणारी एक्सप्रेशन सर्रास वापरली जातात. ती इथे नकोत. लेयर वरखाली केला की क्रमांक बदलतो आणि पास झालेल्या शॉटमधली गर्दी वेगळीच वागायला लागते. स्लायडरमध्ये आकडा हाताने लिहा, पूर्णांक आणि शून्य किंवा त्याहून मोठा.

तो आकडा कोणता, यात खरी मेख आहे. 24 फ्रेमच्या चालीत पाऊल दर 12 फ्रेमला पडतं. दोन माणसांत 12 चा फरक ठेवला तर एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा पाय एकाच क्षणी टेकतो. पाय वेगळे, पण ठेका एकच. आणि गर्दी कवायत करतेय असं वाटतं ते ठेक्यामुळे. म्हणून आकड्यांना 12 ने भागल्यावर बाकी वेगवेगळी उरली पाहिजे. सहा चालणाऱ्यांना 0, 14, 4, 18, 8, 22 द्या. बाकी 0, 2, 4, 6, 8, 10 येते, कुणाचंही पाऊल कुणाबरोबर पडत नाही. आजोबा आणि मुलाचे लूप मुळातच वेगळ्या लांबीचे आहेत, ते मधे मिसळले की एवढंही सांभाळावं लागत नाही.

आकडे सगळे सम आहेत, तेही मुद्दाम. कारण पुढे येतं.

## पाय घसरणं

चालणारा माणूस बर्फावरून सरकल्यासारखा दिसला की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण शॉट स्वस्त वाटतो. याचा उपाय मापात आहे. जागेवर चालणाऱ्या लूपमध्ये टेकलेलं पाऊल दर चित्राला किती पिक्सेल मागे जातं ते मोजा. आपल्या बाईच्या लूपमध्ये ते 40 आहे, आणि ते प्रत्येक चित्राला सारखंच असलं पाहिजे. कुठे 34, कुठे 46 असेल तर कोणत्याही वेगाने पाय घसरणारच, तिथे चित्रच दुरुस्त करावं लागतं. टूजवर सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे सेकंदाला 480 पिक्सेल, उंचीच्या 0.75 पट. आजोबांचं पाऊल 26 पिक्सेल असेल तर 26 गुणिले 12 भागिले 640, साधारण 0.49. मुलाचं 30 असेल तर 0.56. पोझिशनवर:

```
posterizeTime(12);
h = (value[1] - 300) * 1.6 / 3;
v = h * 0.75 * effect("Dir")("Slider");
[value[0] + v * time, value[1]]
```

यात दोन गोष्टी एकदम साधतात. दूरचा माणूस लहान असतो तसा हळूही सरकतो. 900 वरचा माणूस सेकंदाला 240 पिक्सेल चालतो आणि 8 सेकंदांत 1920, म्हणजे अख्खी फ्रेम ओलांडतो. 420 वरचा तेवढ्याच वेळात 384 पिक्सेलच जातो. आणि पहिली ओळ माणसाला दर दोन फ्रेमनीच सरकवते. ती काढली तर चित्र दोन फ्रेम तेच राहतं पण माणूस प्रत्येक फ्रेमला पुढे जातो, म्हणजे टेकलेलं पाऊल एकाआड एक फ्रेमला घसरतं आणि मागे येतं. गर्दीत ते थरथरीसारखं दिसतं.

`Offset` सम का, ते आता कळेल. आकडा विषम असेल तर चित्र विषम फ्रेमला बदलतं आणि माणूस सम फ्रेमला सरकतो. तीच थरथर परत येते, आणि एक्सप्रेशन बरोबर दिसत असल्यामुळे कारण सापडायला अर्धा दिवस जातो.

चालणाऱ्यांना वाटा आखून द्या. प्रत्येक वाटेची उंची वेगळी आणि एका वाटेवर एकाच दिशेने एक-दोन माणसं. लेयरचा क्रम पावलांच्या उंचीप्रमाणे लावा: ज्याची पावलं खाली, तो वर. दोन माणसं एकाच उंचीवर समोरासमोर आली की एकमेकांतून आरपार जातात. त्यांच्यात निदान 20 पिक्सेलचं अंतर ठेवा. मधल्या पट्ट्यात सहाच चालणारे ठेवले आहेत, ते कमी वाटतील, पण बाजारात बहुतेक लोक उभे किंवा बसलेलेच असतात. चालणारे वाढवले की बाजाराचं रेल्वे स्टेशन होतं.

## ठळक हालचाल एकदाच

उभा माणूस मान हलवत बोलतोय, हे आठ सेकंदांत सहा वेळा झालं तरी कुणाला कळत नाही. पण विक्रेत्याने हात वर करून तराजू उचलला, की डोळा ते नोंदवतो. दोन सेकंदांनी त्यानेच पुन्हा तसाच उचलला, की लूप पकडला गेला. म्हणून ठळक हालचाल लूपमध्ये घालायचीच नाही. बसलेला लूप साधा ठेवायचा, आणि तराजू किंवा पाणी शिंपडणं मधे एकदा जोडायचं.

जोड जुळवायची असेल तर दोन्ही खास हालचालींचं पहिलं चित्र बसलेल्या लूपच्या पहिल्या चित्रासारखं हवं, आणि शेवटचं त्याच्याकडे परत येणारं. मग फक्त लूप पहिल्या चित्रावर कधी येतो ते शोधायचं. समजा एका विक्रेत्याचा `Offset` 14 आहे. लूप 40 फ्रेमचा, म्हणून तो 26, 66, 106, 146 आणि 186 या फ्रेमला पहिल्या चित्रावर येतो. 66 वर बसलेला लेयर कापा, तिथे 24 फ्रेमची तराजूची हालचाल लावा, ती 89 ला संपते. 90 पासून बसलेला लूप पहिल्या चित्रापासून सुरू व्हायला हवा, म्हणून कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर `Offset` 30 करा, कारण 90 अधिक 30 म्हणजे 120, आणि 120 ला 40 ने पूर्ण भाग जातो. हे न करता 14 च ठेवलं तर 90 ला हात एकदम भलत्याच जागी जातो.

दहा विक्रेत्यांत मिळून अशा सहा-सात हालचाली पुरतात. एकाला एकच. सारखीच हालचाल दोघांनी एका सेकंदाच्या आत केली तर ती जोडी दिसते, त्यामुळे तराजूनंतर पाणी, मग पुन्हा तराजू असं पसरवा. मुख्य बाई जिथून जाते त्याच्या अगदी मागे ती असताना काहीही लावू नका. पहिल्या अर्ध्या सेकंदातही नको, कारण कट झाल्यावर प्रेक्षक अजून बाई कुठे आहे तेच शोधत असतो.

## मागचा पट्टा एकदाच रेंडर करा

मागच्या 26 पैकी 20 माणसं जागेवरची आहेत, आणि त्यांचे लूप 32 किंवा 40 फ्रेमचे. दोन्हींचा लसावि 160. म्हणजे हा पट्टा 160 फ्रेमचा पारदर्शक सिक्वेन्स करून ठेवला तर तो कितीही वेळ विनासांधा फिरतो. बाकी शॉटमध्ये 20 लेयरऐवजी एकच लेयर येतो, आणि रेंडरचा वेळ खूपच कमी होतो. लूपच्या लांबीत कुणी 36 घुसवला तर लसावि 1440 होतो, एक मिनिटाचा सिक्वेन्स. म्हणून लांबी आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. चालणारे सहाजण या पट्ट्यात घेऊ नका. 160 व्या फ्रेमला ते जिथे असतील तिथून एकदम मूळ जागी उडी मारतील.

हाच पट्टा त्याच बाजारातल्या जवळच्या शॉटमध्ये धूसर करून बाईच्या मागे वापरता येतो. तेव्हा विक्रेत्यांच्या जागा आणि ढिगांचे रंग पहिल्या शॉटशी जुळवा. ग्राहक बदलले तर कुणी विचारत नाही, पण टोमॅटोवाली जागेवरून हलली की कळतं. फाइलचं नाव असं ठेवा की उघडून न बघता कळेल: `BZR_BAI_WALK_R_24`, `BZR_VIKRETA_TARAJU_R_24`. शेवटचा आकडा फ्रेमचा, त्याआधीचं अक्षर दिशेचं. ज्या लूप उलटवायच्या नाहीत त्यांच्या नावात `NOFLIP` घाला.

## तपासायचं कसं

शॉट तयार वाटला की सगळ्या माणसांना एकच काळा रंग भरा, पार्श्वभूमी पांढरी करा आणि चालवून बघा. रंग गेले की जुळी माणसं लगेच उघडी पडतात. मग मूळ शॉट दुप्पट वेगाने चार-पाच वेळा सलग फिरवा. साध्या वेगात न दिसणारी पुनरावृत्ती, एकत्र पडणारी पावलं, सांध्यावरची उडी हे सगळं दुप्पट वेगात ठेक्यासारखं ऐकू येईल इतकं स्पष्ट होतं. तिसरी तपासणी दुसऱ्याच कुणाकडून करून घ्या. शॉट एकदाच दाखवा आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. बाई आणि मुलगा सोडून तिसरं कुणी आठवलं, तर त्या तिसऱ्याचा रंग उतरवा, हालचाल काढा किंवा त्याला कुणाच्या तरी मागे सरकवा.

ही पद्धत कुठे पुरत नाही, तेही आधीच दिग्दर्शकाला सांगून ठेवा. बाजारात बैल सुटला आणि सगळे पळाले, असा शॉट लूपमधून निघत नाही. पुढच्या तिघा-चौघांची प्रतिक्रिया वेगळी काढावी लागते. मधल्या पट्ट्यात डोकी वेगळ्या लेयरवर असल्यामुळे वळलेल्या डोक्याचं एक चित्र बदलून माना वळवता येतात, पण सगळ्यांच्या एकदम नाही. बैलाच्या जवळचे आधी, मग दर दोन-चार फ्रेमनी पुढचे. मागचा पट्टा आहे तसा थांबवला तरी चालतो. यापेक्षा जास्त हवं असेल तर शॉट दोन भागांत तोडा: बैल येईपर्यंतचा रुंद शॉट लूपवर, आणि पळापळ जवळून, फ्रेममध्ये पाच-सहा माणसं घेऊन.